एकादशी आणि शुगरची गोळी

रेडिओवर मधुमेहाबद्दल बोलायचं म्हटलं की पथ्याची यादी येणार, असं ऐकणारे धरूनच चालतात. ती यादी तुम्हाला पाठ आहे. गोड नको, भात कमी, रोज चाला. म्हणून आज यादी नको. आज फक्त उपवासाच्या एका दिवसाबद्दल बोलतो. शुगर एकाच दिवसात खाली कशी जाते आणि वर कशी चढते, ते या दिवशी स्पष्ट दिसतं.

समजा, घरात साठी उलटलेल्या काकू आहेत. बरीच वर्षं शुगर आहे. सकाळी नाश्त्याआधी एक गोळी घेतात. पाकिटावर दोन नावं आहेत, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. एरवी गोळी झाली की लगेच दोन पोळ्या नाहीतर उपमा पोटात जातो. आज एकादशी आहे. काकूंनी गोळी घेतली, कारण गोळी चुकवू नका असं डॉक्टरांनी बजावलंय. त्यावर बिनसाखरेचा चहा घेतला. मग पूजा, मग पोथी. खिचडी दुपारी एकला होणार.

साडेअकराला काकूंचा हात थरथरायला लागतो. कपाळावर घाम येतो. छातीत धडधडतं. पोथीची ओळ सुटते. सुनेवर उगाच चिडतात. घरच्यांना वाटतं, उपवासाने थकल्या. कुणीतरी म्हणतं, जरा पडा. इथेच घोटाळा होतो. पडलेलं माणूस झोपलंय की बेशुद्ध होतंय, हे कळायला उशीर लागतो.

हे झालं का? ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आलंय की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. ग्लिक्लाझाइड तसंच वागते. टोचून घेतलेलं इन्सुलिनही तसंच. मेटफॉर्मिन मात्र असं करत नाही. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याची शुगर सहसा अशी घसरत नाही. त्यामुळे शेजारच्या वहिनी गोळी घेऊन नवरात्र करतात, हा दाखला आपल्या कामाचा नाही. त्यांची गोळी वेगळी असेल.

आता मशीन काढा. पण आधी काकूंचे हात साबणाने धुवा आणि नीट कोरडे करा. नैवेद्याला केळं सोललेलं असतं, साखर हाताळलेली असते. बोटाला लागलेला गोडवा रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि आकडा फुगतो. खरी शुगर 60 असताना मशीन 120 दाखवू शकतं. मग घरचे निर्धास्त होतात. सुई बोटाच्या कडेला टोचा, मधोमध नको. कडेला दुखतं कमी.

मशीनवर 58 आलं. 70 च्या खाली गेलं की शुगर कमी झाली असं धरायचं. मशीन घरात नसेल किंवा पट्ट्या संपल्या असतील, तर आकड्यासाठी थांबू नका. लक्षणं दिसली की उपाय सुरू करा.

उपाय साधा आहे. अर्ध्या पेल्यात पाणी घ्या. चहाचे तीन चमचे साखर त्यात ढवळा. काकूंना बसवून हळूहळू प्यायला द्या. काकू नको म्हणतील. इतकी वर्षं साखर म्हणजे विष, असंच ऐकत आल्यात. उपवास मोडेल असंही म्हणतील. साखर उपवासाला चालते, एवढी आठवण करून द्या. पेढा देऊ नका, चॉकलेटही नको. त्यातल्या तुपा-दुधामुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

मग पंधरा मिनिटं थांबा. घड्याळ लावा, कारण घाबरलेल्या घरात पंधरा मिनिटं कुणी थांबत नाही. परत तपासा. काकूंचा आकडा 66 आला. म्हणजे अजून कमीच. परत तीन चमचे, परत पंधरा मिनिटं. आता 94 आला. घाम थांबला, डोकं ठिकाणावर आलं. आता मात्र काहीतरी खायलाच हवं. प्यायलेली साखर फार वेळ टिकत नाही.

एक बारीक गोष्ट सांगतो. पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असं नाव आहे का, ते आजच बघून ठेवा. या गोळ्या साध्या साखरेचं पचन लांबवतात. मग साखरपाणी देऊनही आकडा लवकर हलत नाही. अशा घरात ग्लुकोज पावडरचा डबा हवा. मात्रा तीच, तीन चमचे.

माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका. पाणीसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.

काकू सावरल्या, पण गोळीचा अंमल संपलेला नाही. ग्लिमेपिराइड दिवसभर काम करते. वय जास्त असेल किंवा मूत्रपिंड कमकुवत असेल, तर ती आणखी रेंगाळते. म्हणून दुपारी, संध्याकाळी आणि झोपण्याआधी परत तपासा. रात्रीही शुगर घसरू शकते. घामाने भिजलेला पदर, वाईट स्वप्नं, सकाळी जड डोकं ही तिची खूण.

आता दिवसाचा उत्तरार्ध. सगळे घाबरलेले आहेत. काकूंसमोर ताट येतं. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याच्या फोडी, वर केळं. आग्रह करकरून वाढतात. एकादशी, दुप्पट खाशी, ही म्हण कुणी उगाच केलेली नाही. साबुदाणा म्हणजे एका कंदाचं नुसतं सत्त्व. त्यातला चोथा बनवतानाच निघून जातो. उरतो तो स्टार्च, त्याची पोटात झपाट्याने साखर होते. बटाट्याचीही जवळपास तीच कथा. सकाळी 58 असलेल्या काकू संध्याकाळी 280 वर गेल्या, तर नवल नाही.

खिचडी बंद करा, असं मी म्हणणार नाही. म्हटलं तरी कुणी ऐकत नाही. लहान वाटीभर घ्या. दाण्याचं कूट सढळ घाला. सोबत दही आणि काकडीची कोशिंबीर घ्या. बटाटा, रताळं आणि केळं त्याच ताटात नको. राजगिऱ्याची भाकरी साबुदाण्यापेक्षा बरी. भगर हलकी वाटते, पण तीही धान्यच आहे, तेव्हा मोजून खा. मुख्य म्हणजे सकाळ कोरडी घालवू नका. सकाळीच मूठभर भाजलेले दाणे आणि वाटीभर दही खाल्लं, तर दुपारी ताटावर तुटून पडायची वेळ येत नाही.

काहींनी मात्र उपवास करूच नये. शुगर घसरून जे एकदा बेशुद्ध झालेत, ज्यांना हल्लीच वारंवार कमी शुगरचा त्रास झालाय, ज्यांची मूत्रपिंडं बिघडलीत, त्यांनी. गरोदर बाईनेही. ज्यांचं इन्सुलिन लहानपणापासून चालू आहे, त्यांनी इन्सुलिन एक दिवसही बंद करू नये, उपवास असो वा नसो. लघवीवाटे साखर बाहेर काढणारी गोळी चालू असेल, तर निर्जळी उपवास नकोच. शरीर कोरडं पडतं.

बाकीच्यांनी एकादशीच्या चार-पाच दिवस आधी डॉक्टरांना भेटावं. गोळ्यांची पाकिटं घेऊन जा. त्या दिवशी पहिलं खाणं किती वाजता होणार, तेही सांगा. कधी डॉक्टर गोळी अर्धी करतात, कधी दुपारच्या खाण्याआधी घ्यायला सांगतात. हे मनाने ठरवू नका. दोन आकडे घरातल्या सगळ्यांना माहीत हवेत. शुगर 70 च्या खाली गेली किंवा 300 च्या वर चढली, तर उपवास तिथेच सोडायचा. खाली गेली तर साखरपाणी. वर गेली तर पाणी प्यायला द्या आणि डॉक्टरांना फोन करा.