अपवर्तन म्हणावे की रिफ्रॅक्शन?

‘सेल’ हा शब्द देवनागरीत लिहिला की एकाच वेळी तीन ठिकाणी हजर होतो. टॉर्चमध्ये घालतात तो सेल, दिवाळीआधी कापडदुकानात लागतो तो सेल आणि कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की विटांसारखा रचलेला दिसतो तोही सेलच. इंग्रजीत निदान दुकानातल्या सेलचे स्पेलिंग वेगळे असते, देवनागरीत तो आधारही जातो. जीवशास्त्राच्या पाठात ‘पेशी’ हा शब्द टिकला तो यामुळेच. शिवाय त्याला पुढे पेशीभित्तिका, पेशीविभाजन, एकपेशीय अशी सगळी भावकी जोडता येते. आता त्याच विज्ञानाच्या पुस्तकात विजेच्या पाठाकडे या. तिथे ‘विद्युतघट’ आहे. मुले घरी ‘रिमोटचे सेल संपले’ म्हणतात, शाळेत मात्र घट. त्यातच त्या पाठात कुठे तरी ‘विद्युतधारेत घट होते’ असे वाक्य आले, की अर्थ लावायला मूल दोन क्षण थांबते. माझ्या मते जीवशास्त्रात पेशी राहावी आणि विजेच्या पाठात सेल यावा. इंग्रजी शब्द एकच असला, तरी एकाच पुस्तकात त्याचा निर्णय दोन प्रकारे लागू शकतो.

पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांसमोर कोरी पाटी नसते. भाषा संचालनालयाचे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र वगैरे विषयांचे परिभाषा कोश असतात. १९६१ साली स्थापन झालेल्या दिल्लीच्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाची तत्त्वेही असतात. मूलद्रव्ये आणि संयुगे यांची नावे, एकके आणि व्यक्तींच्या नावांवरून आलेले शब्द जगभर चालतात तसेच ठेवावेत आणि चिन्हे रोमन लिपीतच लिहावीत, असे ती तत्त्वे सांगतात. कल्पना व्यक्त करणारे शब्द मात्र आपल्या भाषेत घडवावेत.

रसायनशास्त्रात हा विभाग अगदी नेमका बसतो. सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट ही नावे घ्या. शेवटच्या अक्षरांवरून गंधकाबरोबर ऑक्सिजन आहे की नाही आणि असला तर कमी की जास्त, हे कळते. ही व्यवस्था मोडून दुसरी उभी करायची, तर ती शेवटच्या संयुगापर्यंत न्यावी लागते. डॉ. रघुवीर यांनी हिंदीसाठी तसा प्रयत्न केला होता. त्यांच्याकडे ऑक्सिजन ‘जारक’ होता आणि कार्बन ‘प्रांगार’. कष्ट अफाट होते, पण जारकावरून O या चिन्हाकडे जायला वाट नव्हती. आपल्याकडचा प्राणवायू बातम्यांत अजून श्वास घेतो आहे, पण समीकरण लिहायची वेळ आली की ऑक्सिजनच सोयीचा पडतो. मग लोखंड आणि तांबे यांचे काय? त्यांची चिन्हे Fe आणि Cu. ती इंग्रजी माध्यमातल्या मुलालाही पाठच करावी लागतात, कारण ती लॅटिन नावांवरून आलेली आहेत. तेव्हा तिथे आयर्न आणि कॉपर आणून मराठी मुलाचा काहीच फायदा नाही.

या दोन टोकांच्या मधला एक शब्द मला फार आवडतो: ऑक्सिडीकरण. मूळ इंग्रजी तसेच ठेवले आणि क्रियेचे शेपूट आपले लावले. त्यामुळे ‘तांब्याचे ऑक्सिडीकरण झाले’ हे वाक्य बिनबोभाट चालते. मूल हे वाक्य स्वतः रचू शकते आणि ऑक्सिजनशी असलेला संबंधही लपत नाही.

खरी कसोटी लागते ती प्रकाशाच्या पाठात. पाण्याच्या पेल्यात तिरकी ठेवलेली पेन्सिल मोडल्यासारखी दिसते, त्यामागच्या घटनेला काय म्हणायचे? जुन्या पिढीने शाळेत ‘वक्रीभवन’ शिकले. मराठी विश्वकोशात ‘प्रणमन’ भेटते. बालभारतीच्या आताच्या पुस्तकात ‘अपवर्तन’ आहे. वक्रीभवन ऐकताक्षणी कळल्यासारखे वाटते, आणि घोटाळा तिथेच आहे. वक्र म्हणजे वाकडा, त्यामुळे किरण पाण्यात शिरल्यावर कमानीसारखा वळत जातो असे चित्र मनात उभे राहते. प्रत्यक्षात किरण पृष्ठभागावर एकदाच दिशा बदलतो आणि पुढे पुन्हा सरळ जातो. हवेतून ४५ अंशांनी काचेवर पडलेला किरण, काचेचा अपवर्तनांक १.५ धरला तर, आत सुमारे २८ अंशांनी शिरतो आणि पट्टीने आखावा तसा जातो. विद्यार्थ्याच्या आकृतीत काचेच्या आत बाक दिसला, तर शब्दाने त्याला फसवले असे खुशाल समजावे.

अपवर्तन या बाबतीत काटेकोर आहे, पण त्याचे दुखणे वेगळे. शेजारीच परावर्तन बसलेले असते आणि पुढच्या वर्गांत विवर्तन येते. तिन्हींत वर्तन तेच, फक्त उपसर्ग बदलतो. आरसा आणि पेला यांतला फरक तोंडी बिनचूक सांगणारी मुलगी पेपरात ही दोन नावे उलटी लिहिते. तेव्हा तिला प्रकाश समजला नाही असे नसते, तिचा उपसर्ग चुकलेला असतो. म्हणून रिफ्रॅक्शन ठेवावे का? शेजारी रिफ्लेक्शन ठेवून पाहा, घोळ तितकाच. वर रिफ्रॅक्टेड किरण, रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स अशी प्रत्येक वेळी नवी उसनवारी. अपवर्तनाला अपवर्तित आणि अपवर्तनांक ही रूपे घरच्या घरी मिळतात. मी अपवर्तनाच्या बाजूने आहे, पण दोन्ही शब्द एकाच पाठात पहिल्यांदा भेटवू नयेत. परावर्तन आधी चांगले मुरू द्यावे.

देशभर एकच परिभाषा असावी, असाही आग्रह होतो. त्यातली अडचण तुर्भ्याला दिसते. तिथल्या संस्थेचे हिंदी नाव भाभा परमाणु अनुसंधान केंद्र, मराठीत आपण भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणतो. शालेय हिंदीत परमाणु म्हणजे आपला अणू आणि हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू. एकवाक्यतेपायी उद्या अणूचा अर्थ बदलला, तर घरातल्या दोन भावंडांची पुस्तके एकमेकांशी भांडतील. रुळलेला शब्द बदलण्याची किंमत नेहमी शिकणाऱ्यालाच मोजावी लागते.

उरतो अकरावीचा प्रश्न. बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत विज्ञान इंग्रजीतून शिकवतात, मग दहावीपर्यंत मराठी संज्ञांचा खटाटोप कशाला, असे पालक विचारतात. सेमी इंग्रजी वाढले ते याच धास्तीने. पण देवनागरीतल्या ‘रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स’ने ही धास्ती जात नाही, कारण अकरावीत तो शब्द रोमन लिपीत वाचायचा आणि लिहायचा असतो. नुसता उच्चार कानावर असून स्पेलिंग येत नाही. संज्ञा पहिल्यांदा येते तिथे कंसात इंग्रजी शब्द देण्याची पद्धत आहे, पण पुढची दहा पाने तो पुन्हा दिसत नाही. प्रत्येक पाठाच्या शेवटी दोन्ही लिपींतली यादी द्यावी आणि आकृतीतली नावेही दोन्ही लिपींत छापावीत.

आकृतीत रोमन अक्षरे आधीपासून आहेतच. आपतन कोनाला i आणि अपवर्तन कोनाला r. आरशाच्या पाठात परावर्तन कोनालाही r. अपवर्तन म्हटल्यावर अ किंवा प सोडून r का, हे मराठी माध्यमातल्या मुलाला कोडेच असते, आणि दोन वेगळ्या कोनांना एकच अक्षर का, हे त्याहून मोठे कोडे. दोन्ही इंग्रजी शब्द r नेच सुरू होतात, एवढे एक वाक्य आकृतीखाली छापले तरी पुरे.