यादी कुठे संपते?

शस्त्रक्रियेची तारीख ठरली की रुग्णाच्या हातात सूचनांचा कागद येतो. समजा, त्यात एक ओळ अशी आहे : ‘वेदनाशामक गोळ्या बंद ठेवा, i.e. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक.’ रुग्णाच्या घरी ॲस्पिरिन आहे. ती घ्यायची की नाही? ओळ शब्दशः वाचली तर घ्यायला हरकत नाही, कारण i.e. लिहिल्यावर बंदी त्या दोनच गोळ्यांपुरती उरते. पण ॲस्पिरिनने रक्त गोठायला वेळ लागतो, आणि शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना नेमकी तीच काळजी असते. लिहिणाऱ्याला e.g. म्हणायचे होते.

दोन्ही संक्षेप लॅटिनमधले. e.g. म्हणजे ‘एक्झेम्प्ली ग्रॅशिआ’, उदाहरणादाखल. i.e. म्हणजे ‘इद एस्त’, ते असे की. मराठीत हे काम ‘उदा.’ आणि ‘म्हणजे’ करतात, आणि बोलताना त्यांची अदलाबदल सहसा कोणी करत नाही. गोंधळ होतो तो इंग्रजी संक्षेपांत. दोन्ही दोन अक्षरी, दोन्ही बहुधा कंसात बसलेले आणि दोघांच्याही मागे नामांची रांग. मूळ लॅटिन शब्द माहीत नसले की डोळ्यांना फरक दिसतच नाही.

फरक मोजमापाचा आहे. i.e.च्या आधी जेवढे असते, तेवढेच नंतर असावे लागते. ‘हिवाळी अधिवेशन राज्याच्या उपराजधानीत, i.e. नागपुरात’ हे बरोबर, कारण उपराजधानी एकच. ‘विदर्भातल्या एखाद्या शहरात, e.g. नागपुरात’ हेही बरोबर, कारण तिथे अमरावती किंवा अकोलाही चालले असते. शंका आली तर आधीचे शब्द खोडून पाहावेत. ‘हिवाळी अधिवेशन नागपुरात’ म्हटल्याने काहीच हरवत नाही, म्हणून तिथे i.e. शोभते. गोळ्यांच्या ओळीतून ‘वेदनाशामक गोळ्या’ खोडल्या, तर ॲस्पिरिन निसटते. तिथे e.g. हवे.

मग कोणी म्हणेल, शेवटी etc. जोडले की झाले! e.g. आणि etc. एकाच यादीत मात्र आणू नयेत. उदाहरणे देतो म्हटल्यावर यादी अपुरी आहे हे सांगून झालेलेच असते. ‘एत सेतेरा’मध्ये ‘एत’चा अर्थच ‘आणि’ असल्यामुळे etc.च्या आधी इंग्रजीतला ‘अँड’ही नको. ect. हे चुकीचे स्पेलिंग ‘एक्सेट्रा’ या चुकीच्या उच्चारातून आलेले दिसते.

e.g. काढून नुसते etc. ठेवले तरी अडचण संपत नाही. वाचणाऱ्याला पुढची यादी स्वतः पुरी करता येत असेल, तरच या शब्दाचा उपयोग. ‘सोमवार, मंगळवार इ.’ यापुढचे वार कोणीही सांगेल. ‘आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक इ.’ यात पॅरासिटामॉल येते का? तीही दुखणे थांबवणारीच गोळी. पण आधीच्या दोन गोळ्या दाह कमी करणाऱ्या गटातल्या आहेत. पॅरासिटामॉल त्या गटात मोडत नाही. औषधविक्रेत्याला ही यादी पुढे नेता येईल, रुग्णाला नाही. कायद्याचे अर्थ लावतानाही असाच एक जुना नियम वापरतात : नावे सांगून झाल्यावर येणारे मोघम शब्द त्याच जातीच्या गोष्टींपुरते धरायचे. वकिलांमध्ये वाद होतो तो ‘जात’ कोणती यावरच.

ब्रिटिश सरकारने आपल्या संकेतस्थळावरच्या मजकुरासाठी २०१६ मध्ये हे तिन्ही संक्षेप टाळायचे ठरवले. दृष्टिहीनांसाठी मजकूर वाचून दाखवणारी काही सॉफ्टवेअर बिनटिंबांचे eg ‘एग’, म्हणजे अंडे, असे वाचत होती. शिवाय ie सगळ्यांना नीट कळत नाही, असेही आढळले. टिंबांबद्दल खुद्द इंग्रजीतही एकमत नाही. अमेरिकी पद्धतीत टिंबे आणि त्यांच्यामागे स्वल्पविराम देतात. काही ब्रिटिश वृत्तपत्रे दोन्ही गाळतात. एका मजकुरात एकच पद्धत पाळली म्हणजे पुरे.

तरी मोबाइलवरच्या संदेशात संक्षेपांचा मोह सुटत नाही. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत फक्त ७०, आणि काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. या हिशेबात ‘उदाहरणार्थ’ दहा जागा खातो, ‘उदा.’ चार. ही काटकसर रास्त आहे, ‘उदा.’ वाचताना कोणी अडखळत नाही. ‘इ.’ तेवढे निर्धोक नाही, कारण तेच अक्षर इयत्तेसाठी आणि इसवी सनासाठीही वापरतात. शाळेच्या संदेशात ‘वह्या, पुस्तके इ. ५ वी’ आले, तर पालक क्षणभर थबकणारच.

रुग्णाच्या कागदावरची ओळ तर संक्षेपांशिवायही लिहिता येते : ‘आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन घेऊ नका. दुसरी कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या.’ मात्र ॲस्पिरिन हृदयविकारासाठी रोज चालू असेल, तर ती परस्पर बंद करणेही धोक्याचे असते. म्हणून ‘रोजची औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका’ हे तिसरे वाक्यही त्या कागदावर हवे.