लोलकाचा अपवर्तनांक अपेक्षेपेक्षा वेगळा आला तर

लोलकाचा अपवर्तनांक काढण्याच्या प्रयोगात स्पेक्ट्रोमीटरवर दोन कोन मोजतात: लोलकाचा कोन A आणि किमान विचलनाचा कोन D. ते पुढच्या सूत्रात घातले की अपवर्तनांक मिळतो.

n = sin((A + D)/2) / sin(A/2)

आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा आला की अहवालातल्या चर्चेत बहुधा ‘मानवी चूक’, ‘उपकरणातील दोष’, ‘तापमानातील बदल’ अशी यादी येते. ही यादी कोणत्याही अहवालाला चिकटवता येते, म्हणून तिच्यातून काहीच कळत नाही. फरक किती आहे, कोणत्या दिशेला आहे आणि त्याचा पुरावा नोंदींमध्ये कुठे दिसतो, हे चर्चेने सांगायचे असते.

एक उदाहरण घेऊ. लोलक क्राउन काचेचा, प्रकाश सोडियम दिव्याचा आणि अपेक्षित अपवर्तनांक १.५१७ आहे. लोलकाचा कोन ६० अंश मोजला गेला आणि किमान विचलन ३९ अंश १० मिनिटे आले. सूत्रातून उत्तर मिळते १.५२२७. फरक ०.००५७, म्हणजे ०.४ टक्क्यांहूनही कमी. ‘त्रुटी अत्यल्प असल्याने प्रयोग यशस्वी’ असे लिहिण्याचा मोह इथेच होतो.

पण फरक लहान की मोठा हे टक्केवारीवरून ठरत नाही, मोजमापाच्या अनिश्चिततेवरून ठरते. या लोलकासाठी विचलनात एका मिनिटाची चूक झाली तर अपवर्तनांक सुमारे ०.०००२ ने बदलतो. लोलकाच्या कोनातल्या एका मिनिटाच्या चुकीचा परिणाम जवळपास तेवढाच असतो, फक्त उलट दिशेने. व्हर्निअर एका मिनिटापर्यंत वाचता येतो. दोन्ही कोनांत दोन-दोन मिनिटांची अनिश्चितता धरली, तरी उत्तरात ०.०००६ च्या आसपास अनिश्चितता राहते. आलेला फरक त्याच्या जवळजवळ दहापट आहे. त्यामुळे तो वाचनातल्या किरकोळ चढउताराने आलेला नाही, त्याला ठोस कारण आहे.

आता एकेक कारण आकड्यांवर तपासायचे. तापमान दहा अंशांनी बदलले तरी काचेचा अपवर्तनांक पाचव्या दशांश स्थळी हलतो, म्हणून ते कारण बाद होते. दुसरी शक्यता, किमान विचलनाची नेमकी स्थिती सापडली नसेल. अशा वेळी विचलन नेहमी जास्तच येते, म्हणजे दिशा जुळते. मात्र किमान स्थितीजवळ विचलन फार सावकाश बदलते. लोलक एक अंश चुकीच्या जागी असला तरी विचलनात जेमतेम एका मिनिटाचा फरक पडतो. इथे फरक अर्ध्या अंशाचा आहे, आणि तो पडायला लोलक सुमारे सहा अंश भलतीकडे फिरलेला असावा लागेल. प्रतिमा वळून माघारी जाताना डोळ्यांनी पाहून ही स्थिती निश्चित केली असेल, तर एवढी चूक संभवत नाही.

उरलेला दुवा आकड्यातच आहे. विचलन अपेक्षेपेक्षा बरोबर ३० मिनिटांनी जास्त आहे, आणि स्पेक्ट्रोमीटरच्या मुख्य पट्टीवर बहुधा अर्ध्या अंशाचे भाग असतात. व्हर्निअरचे शून्य अर्ध्या अंशाच्या रेघेपुढे असताना ती रेघ नजरेतून सुटली, तर वाचन ३० मिनिटांनी कमी नोंदले जाते.

याची शहानिशा दुसऱ्या खिडकीच्या नोंदींवरून होते. पहिल्या खिडकीत किमान स्थितीचे वाचन १६१ अंश १४ मिनिटे आणि थेट किरणाचे १२२ अंश ४ मिनिटे आहे. समोरच्या खिडकीत तीच वाचने ३४१ अंश १५ मिनिटे आणि ३०२ अंश ३४ मिनिटे आहेत. दोन खिडक्यांत १८० अंशांचे अंतर हवे. पहिल्या जोडीत ते एका मिनिटाच्या आत जुळते, दुसऱ्या जोडीत मात्र ३० मिनिटे जास्त भरते. त्यामुळे संशय थेट किरणाच्या पहिल्या वाचनावर येतो. दुसऱ्या खिडकीवरून विचलन ३८ अंश ४१ मिनिटे आणि अपवर्तनांक १.५१७२ येतो.

चर्चेचा परिच्छेद मग असा होईल: ‘पहिल्या खिडकीवरून मिळालेला अपवर्तनांक अपेक्षित मूल्यापेक्षा ०.००५७ ने जास्त आहे, हा फरक अनिश्चिततेच्या सुमारे दहापट आहे. थेट किरणाच्या दोन वाचनांतील अंतर १८० अंशांपेक्षा ३० मिनिटांनी जास्त असल्याने पहिल्या खिडकीत अर्ध्या अंशाची रेघ सुटली असावी. दुसऱ्या खिडकीवरून अपवर्तनांक १.५१७२ येतो.’ मूळ नोंद खोडून १२२ अंश ३४ मिनिटे लिहिणे मात्र योग्य नाही. नोंद तशीच ठेवून शंका नमूद करावी आणि शक्य असल्यास वाचन पुन्हा घ्यावे.

दोन्ही खिडक्या जुळल्या असत्या, तर तपास अपेक्षित मूल्याकडे वळला असता. क्राउन काचेचे अनेक प्रकार आहेत आणि काहींचा अपवर्तनांक १.५२२ च्या आसपास असतो. काचेचा प्रकार ठाऊक नसेल, तर फरक मोजमापातला की तुलनेच्या आकड्यातला, हे या प्रयोगातून ठरत नाही. तसे स्पष्ट लिहावे आणि माहीत असलेल्या काचेच्या लोलकावर त्याच उपकरणाने मोजमाप करावे, असे सुचवावे.