टर्म विमा आणि खिशातली पुडी

विम्याचा अर्ज भरताना एजंट विचारतो, "सिगारेट-बिगारेट नाही ना?" समोरचा खरोखरच सिगारेट ओढत नाही. तो "नाही" म्हणतो, एजंट खूण करतो, आणि सही होते. खिशात मात्र तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी असते. छापील प्रश्न बहुधा कोणत्याही स्वरूपातल्या तंबाखूबद्दल असतो. त्यात बिडी येते, गुटखा येतो, आणि सकाळी दाताला लावायची मिश्रीही येते. मिश्रीला व्यसन म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही, तेच इथे नडते.

मोठ्या रकमेच्या विम्याला कंपनी सहसा लघवी तपासून घेते. निकोटिनचे शरीरात कोटिनिन होते आणि ते काही दिवस सापडते. तंबाखू ओढली की चघळली, हे त्यातून कळत नाही. उलट, आठवडाभर पुडीला हात न लावता गेलेला माणूस त्यातून सुटूही शकतो. पण तेवढ्याने अर्जातले उत्तर खरे ठरत नाही.

समजा, एकाने जून 2022 मध्ये एक कोटीचा विमा घेतला. 'नाही' लिहिल्यामुळे हप्ता वर्षाला 16,000 रुपये बसला; खरे सांगितले असते तर 25,000 बसला असता. नोव्हेंबर 2024 मध्ये तो तोंडाच्या कर्करोगाने गेला. तीन वर्षांच्या आतला दावा म्हटला की कंपनी चौकशी करतेच. चौकशी करणारा आधी रुग्णालयातले केसपेपर मागवतो. तिथे पहिल्याच पानावर लिहिलेले असते, 'पंधरा वर्षांपासून तंबाखू चघळतात.' हे त्यानेच डॉक्टरांना सांगितलेले असते. डॉक्टरांशी कोण खोटे बोलतो?

आता विमा कायद्याचे कलम 45 पुढे येते. कंपनीने नुसती माहिती दडवल्याचे कारण दिले, तर दावा नाकारून भरलेले हप्ते 90 दिवसांत परत करावे लागतात. शिवाय, खरे कळले असते तर विमा दिलाच नसता, हे कंपनीलाच दाखवावे लागते. माझ्या मते कुटुंबाचा सगळ्यात भक्कम मुद्दा इथेच आहे: तंबाखू खाणाऱ्यालाही कंपनी विमा देतेच, फक्त महाग. मात्र फसवणुकीचा आरोप ठेवला, तर हप्ते परत मिळण्याची हमी राहत नाही, आणि विमाधारक हयात नसल्याने तो आरोप खोडून काढायचे ओझे वारसांवर येते. वर्षाला वाचलेल्या नऊ हजारांपायी.

तीन वर्षे उलटल्यावर मात्र कोणत्याही कारणाने पॉलिसीवर प्रश्न उठवता येत नाही. पण हप्ता थकून पॉलिसी बंद पडली आणि पुन्हा चालू केली, तर ही तीन वर्षे त्या तारखेपासून नव्याने मोजली जातात. त्या वेळी प्रकृतीचा जबाब पुन्हा लिहून मागितला जातो, आणि तंबाखूचा प्रश्न त्यातही असू शकतो.