विश्लेषण : सगळे सुरू, एकाच सॉफ्टवेअरला इंटरनेट नाही… असे का होते?

इंटरनेट बंद पडले तर ते सगळ्यांसाठीच बंद पडायला हवे, असा आपला साधा समज असतो. त्यामुळे ब्राउझर उघडतो, ई-मेल येतात, व्हॉट्सॲप चालते आणि फक्त हिशेबाचे सॉफ्टवेअर ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ म्हणते, तेव्हा गोंधळ उडतो. राउटर बंद-चालू केला जातो, केबलवाल्याला फोन होतो. दोष मात्र बहुतेक वेळा संगणकाच्या आतच असतो. रात्री आपोआप झालेल्या एखाद्या अपडेटनंतर फायरवॉलने त्या एका प्रोग्रामचा बाहेर जाण्याचा रस्ता अडवलेला असतो.

याचा फटका कसा बसतो?

पालघर-बोईसर रस्त्यावरच्या कोळगावात जिल्हा मुख्यालय आहे आणि पुढे तारापूरची औद्योगिक वसाहत. समजा, कोळगावातील एक कर सल्लागार तारापूरच्या काही लहान कारखान्यांची बिले आणि ई-वे बिले आपल्या कार्यालयातून तयार करून देतो. एका कारखान्याचा दोन लाखांचा माल वापीला निघाला आहे. राज्याबाहेर जाणाऱ्या ५० हजार रुपयांवरील मालाला ई-वे बिल लागते. ट्रक भरून फाटकाशी उभा आहे, चालक ताटकळला आहे आणि सॉफ्टवेअर बिल पाठवायला तयार नाही. काल संध्याकाळपर्यंत सगळे सुरळीत होते.

अशा वेळी आधी ट्रक मोकळा करावा, दुरुस्ती नंतर. ब्राउझर चालत असेल तर ewaybillgst.gov.in या संकेतस्थळावर लॉग-इन करून तेच बिल हाताने भरता येते. मात्र सॉफ्टवेअर पुन्हा सुरू झाल्यावर त्याच इन्व्हॉइसचे दुसरे बिल निघणार नाही, याची नोंद लगेच करून ठेवावी.

फायरवॉल एकाच प्रोग्रामला कशी ओळखते?

संगणकावरील फायरवॉल नुसता ‘कुठे चालला’ एवढाच प्रश्न विचारत नाही. ‘कोण चालला’ हेही पाहते. विंडोजच्या फायरवॉलमधील नियम प्रोग्रामच्या फाइलचा पूर्ण मार्ग धरून लिहिलेला असू शकतो, म्हणजे अमुक फोल्डरमधली अमुक exe फाइल. वेगळ्याने विकत घेतलेली सुरक्षा सॉफ्टवेअरे बरेचदा त्यापुढे जातात. ती फाइलचा ठसा आणि तिची डिजिटल सही तपासतात आणि ही फाइल किती जणांकडे, किती दिवसांपासून दिसते आहे, यावरही तिची पत ठरवतात.

गोची इथेच होते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की exe फाइल बदलते. कधी फोल्डरच्या नावात आवृत्तीचा क्रमांक असतो, मग मार्गही बदलतो. जुनी परवानगी जुन्या फाइलला होती. नवी फाइल फायरवॉलच्या लेखी अनोळखी. पत्ता बदललेल्या माणसाने जुने रेशन कार्ड दाखवावे तसा हा प्रकार. उलट बाजूनेही हेच घडते. सुरक्षा सॉफ्टवेअर स्वतः अद्ययावत होताना जुने नियम पुसून मूळ कडक नियम लावते. ब्राउझर त्याच्या ओळखीच्या यादीत आधीच असतो म्हणून सुटतो. मोजक्या लोकांकडे असलेले सॉफ्टवेअर अडकते.

अशी उदाहरणे जगाने पाहिली आहेत. ८ जुलै २००८ रोजी मायक्रोसॉफ्टने डीएनएसमधील गंभीर त्रुटी बुजवणारे KB951748 हे अपडेट दिले. त्यानंतर डीएनएसचे प्रश्न संगणकावरून वेगवेगळ्या, यादृच्छिक पोर्टवरून जाऊ लागले. झोनअलार्म या त्या वेळच्या लोकप्रिय फायरवॉलला हा बदल झेपला नाही आणि तिच्या अनेक वापरकर्त्यांचे इंटरनेटच गेले. अपडेट योग्य होते, फायरवॉल आपल्या नियमाप्रमाणे वागत होती. दोघांचा मेळ तेवढा बसला नाही. सप्टेंबर २०११ मध्ये तर मायक्रोसॉफ्टच्याच सुरक्षा सॉफ्टवेअरने नव्या व्याख्या उतरवल्यावर गुगल क्रोमला बँकेची माहिती चोरणारा ट्रोजन ठरवले होते.

दोष राउटरचा की संगणकाचा, हे कसे कळेल?

सर्वांत सोपी कसोटी मोबाइलची. संगणक काही मिनिटे मोबाइल हॉटस्पॉटला जोडावा आणि तेच सॉफ्टवेअर चालवावे. तरीही अडले, तर अडथळा संगणकात किंवा त्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे. दुसऱ्या संगणकावर तेच सॉफ्टवेअर चालत असेल तर सर्व्हरही सुटला. हॉटस्पॉटवर चालले, तर कार्यालयाच्या राउटरकडे किंवा नेटवर्कच्या फायरवॉलकडे पाहावे.

त्यानंतर पॉवरशेलमध्ये पुढील आज्ञा द्यावी. पत्त्याच्या जागी सॉफ्टवेअर कंपनीने मदत-पानावर दिलेला सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट लिहावा.

```
Test-NetConnection api.example.com -Port 443
```

उत्तरात TcpTestSucceeded पुढे True आले तर संगणकापासून सर्व्हरपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. तरीही सॉफ्टवेअर पोहोचत नसेल, तर संशय त्या प्रोग्रामवरच्या नियमावर जातो. कारण ही चाचणी पॉवरशेल करते, हिशेबाचे सॉफ्टवेअर नव्हे.

चुकीचा संदेशही बोलका असतो. बराच वेळ फिरत राहून ‘टाइमआउट’ आले तर बहुधा फायरवॉल गुपचूप अडवते आहे. संदेशात ‘सर्टिफिकेट’ हा शब्द असेल तर गोष्ट वेगळी. काही सुरक्षा सॉफ्टवेअरे एचटीटीपीएस वाहतूक मध्येच उघडून तपासतात आणि आपले प्रमाणपत्र पुढे करतात. ब्राउझरला ते मान्य असते. स्वतःची प्रमाणपत्रांची यादी बाळगणारा प्रोग्राम ते नाकारतो. अशा वेळी फायरवॉलचे नियम कितीही बदलले तरी उपयोग नाही. त्या एका पत्त्यापुरती तपासणी वगळावी लागते.

परवानगी कोणाला द्यायची?

विंडोजची फायरवॉल मुळात बाहेर जाणारी वाहतूक अडवत नाही. तसा नियम कोणी मुद्दाम घातला तरच अडवते. म्हणून आधी सुरक्षा सॉफ्टवेअरची अडवलेल्या प्रोग्रामांची यादी आणि नोंदवही पाहावी. नंतर wf.msc चालवून Outbound Rules मध्ये लाल खुणेचा नियम शोधावा. तो सापडला तर नुसता परवानगीचा नवा नियम जोडून भागत नाही, कारण दोन नियमांत विरोध असेल तर विंडोज Block ला वरचढ मानते. जुना नियम काढावा किंवा बंद करावा लागतो.

दुसरी फसगत नेमक्या फाइलची. पडद्यावर दिसणारा प्रोग्राम एक आणि इंटरनेटवर जाणारी त्याची मदतनीस सेवा दुसरी, असे पुष्कळदा असते. बटण दाबताना resmon मधील Network हा भाग उघडा ठेवावा. कोणती exe बाहेर जायला धडपडते ते तिथे बरेचदा दिसते.

परवानगी देण्यापूर्वी त्या फाइलच्या Properties मध्ये Digital Signatures पाहावे. सही मूळ कंपनीची नसेल, तर फायरवॉलने अडवले ते बरेच झाले असे समजून कंपनीला विचारावे. सही योग्य असेल तर फक्त त्या exe ला, फक्त बाहेर जाण्यासाठी, गरजेच्या पोर्टपुरती परवानगी द्यावी. संपूर्ण सुरक्षा बंद करून पाहायचेच असेल तर दोन-तीन मिनिटे, दुसरे काही न उघडता. काही सॉफ्टवेअरांचे नेटवर्क-गाळे बंद केल्यावरही चालूच राहतात. त्यामुळे ‘बंद केले तरी अडते’ एवढ्यावरून फायरवॉलला निर्दोष ठरवता येत नाही.

पुढच्या अपडेटला फोल्डर पुन्हा बदलला तर हाच खेळ पुन्हा होईल. ते टाळायचे तर, सोय असल्यास, नियम फाइलच्या मार्गाऐवजी प्रकाशकाच्या सहीवर बांधावा. ती सोय नसेल तर सॉफ्टवेअरचे अपडेट महिनाअखेरीस किंवा ट्रक भरायच्या वेळी न घेता शनिवारी दुपारी घ्यावे आणि त्याच बैठकीत सर्व्हरशी संपर्क होतो का, हे पाहून घ्यावे.