स्क्रू निघाला, तरी नळाचं हँडल का निघत नाही?

ऐकताना ज्यांचे हात नळावर होते, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहूनही देतोय.

थेंब-थेंब गळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या नळाचा आतला वॉशर स्वस्तात मिळतो. पण तिथपर्यंत पोचायला आधी हँडल काढावं लागतं, आणि बरेच जण इथेच अडकतात. मग जोर लावून हँडल डावी-उजवीकडे हलवतात. त्याने आतला पितळी दांडा, म्हणजे स्पिंडल, वाकतो. भिंतीतला नळ असेल तर आतला गंजलेला पाइप तुटू शकतो. मग फरशी फोडण्याचं काम निघतं.

आधी पाणी बंद करा. बेसिनखालचा छोटा कॉक किंवा गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह फिरवा, आणि नळ उघडून पाइपमधलं पाणी जाऊ द्या. बेसिनच्या जाळीवर फडकं टाका, नाहीतर छोटा स्क्रू थेट गटारात जायचा.

आता हँडलच्या माथ्यावर लाल किंवा निळी टिकली दिसेल. ती नुसती गरम-थंडची खूण नाही, ती झाकण आहे. स्क्रू तिच्याखाली असतो. कडेच्या फटीत पातळ ब्लेड किंवा पिन घालून टिकली हळूच उचला. टिकलीला नाणं बसेल अशी खाच असेल तर ती आट्यांची आहे. ती उचकटायची नाही, डावीकडे फिरवून काढायची.

खाली स्टार स्क्रू दिसेल. खाचेतली घाण पिनने कोरून काढा, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर पूर्ण खोल बसेल. अर्धवट बसलेला ड्रायव्हर घसरला की स्क्रूची खाच गोल होते, आणि मग तो धरायला काही उरत नाही.

स्क्रू बाहेर आला, तरी हँडल जागचं हलत नाही. असं का? स्पिंडलच्या टोकाला बारीक उभे दाते असतात आणि हँडलच्या आतही तसेच दाते असतात. दोन्ही एकमेकांत घट्ट बसतात, म्हणूनच हँडल फिरवलं की दांडा फिरतो. नळ झिरपत असेल तर दांड्याच्या कडेने वर आलेलं पाणी या दात्यांमध्ये सुकतं आणि क्षार मागे ठेवतं. स्क्रू फक्त वरून दाबून ठेवत होता. खरी पकड या क्षाराची असते.

भडगावला माझ्या मावशीकडच्या बेसिनचा नळ अगदी असाच होता. गिरणाकाठचं गाव, पण तिच्या घरी पाणी बोअरचं. ते जड असल्याने बादलीच्या कडेलाही पांढरा थर धरतो. टिकली काढल्यावर आतही तीच पांढरी पूड दिसली. मी स्क्रूच्या भोकात चमचाभर पांढरं व्हिनेगर ओतलं, आणि बारीक बुडबुडे आले. बुडबुडे आले म्हणजे आत चुन्याचा क्षार आहे आणि आंबट पदार्थ त्याला विरघळवतोय. लिंबाचा रसही चालतो. तांबूस गंज दिसला असता, तर गंज सोडवणारा स्प्रे मारला असता.

अर्धा तास थांबलो, मग पुन्हा थोडं व्हिनेगर घातलं. ते चकाकत्या भागावर फार वेळ राहू दिलं नाही, कारण त्याने क्रोमची चमक जाते. हँडल धातूचं होतं, म्हणून त्याच्यावर कढत पाणीही ओतलं. तापल्यावर धातू किंचित पसरतो आणि पकड ढिली होते. प्लास्टिकच्या हँडलवर हे करू नका, ते तडकतं.

मग लाकडी लाटण्याच्या टोकाने चारही बाजूंनी हलके टोले दिले. शेवटी जाड सुती फडक्याची पट्टी हँडलखाली गुंडाळली, दोन्ही टोकं दोन हातांत धरली आणि सरळ वर ओढली. मावशी म्हणाली, "अरे, जोर लाव की!" मी म्हटलं, "मावशी, जोर नको, दोन्हीकडे ओढ सारखी हवी." तिसऱ्यांदा ओढताना 'कट्' असा आवाज झाला आणि हँडल हातात आलं.

दोन-तीनदा व्हिनेगर घालूनही निघालं नाही, तर मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे दोन पायांचा छोटा पुलर असतो, तो आणा. त्याचे पाय हँडलला खालून धरतात आणि मधला बोल्ट स्पिंडलवर दाबतो, त्यामुळे ओढ सरळच राहते. पण ओढताना दांडाच लचकतोय किंवा भिंतीतला पाइप हलतोय असं दिसलं, तर तिथेच थांबा आणि प्लंबरला बोलवा.

हँडल निघालं की दाते जुन्या टूथब्रशने घासा, पुसा, आणि बसवण्याआधी थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. पुढच्या वेळी व्हिनेगरची गरज पडणार नाही. वॉशर बदलायचं काम पुढच्या भागात. तोवर टिकली आणि स्क्रू एका वाटीत ठेवा!