त्वचा नाजूक की उपचार जास्त?

"माझी स्किन फार सेन्सिटिव्ह आहे, मला काहीच सोसत नाही." त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात हे वाक्य सतत ऐकू येतं. चेहऱ्याची आग होते, साधं क्रीमही चुणचुणतं, कपाळावर पापुद्रे सुटतात. त्रास खरा असतो, पण त्याला दिलेलं नाव अनेकदा चुकीचं असतं. जिला आपण जन्मजात नाजूक त्वचा समजतो, ती पुष्कळदा धडधाकट त्वचा असते आणि तिच्यावर रोज सोसण्यापलीकडचा मारा चाललेला असतो. यातलं नेमकं काय, हे आरशात बघून कळत नाही. चेहऱ्याला लावायच्या वस्तू कमी करत गेलं, की कळतं.

संवेदनशील त्वचा ही कल्पना खोटी नाही. खाज या विषयावर काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१७ मध्ये तिची व्याख्या केली. तिचा आशय असा : ज्या गोष्टींचा इतरांना काहीच त्रास होत नाही, त्यांनीही चुणचुण, आग, खाज किंवा दुखल्यासारखं होणं आणि त्यामागे त्वचेचा दुसरा कोणताही आजार नसणं. या व्याख्येतली दोन कलमं महत्त्वाची आहेत. ऊन, वारा, एसीची कोरडी हवा, गरम पाणी अशा साध्या गोष्टींनीही त्रास व्हायला हवा, आणि इतर आजार आधी तपासून बाजूला काढलेले हवेत. थोडक्यात, हे नाव शेवटी द्यायचं असतं. आपण ते पहिल्याच दिवशी देऊन मोकळे होतो.

आता मारा होतो म्हणजे काय होतं ते पाहू. त्वचेचा सर्वांत वरचा थर केसाच्या जाडीहूनही पातळ असतो. मेलेल्या, चपट्या पेशी एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्या फटींत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व फॅटी ॲसिड हे स्निग्ध पदार्थ भरलेले असतात. आतलं पाणी आत आणि बाहेरची रसायनं बाहेर ठेवण्याचं काम हा थर करतो. त्याचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, साधारण ५ पीएचचा असतो. अंगाच्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो, लिंबाच्या रसाचा २ च्या आसपास. फेसाळ फेसवॉशने हे स्निग्ध पदार्थ धुऊन जातात, ॲसिडचं टोनर पेशींमधली पकड सैल करतं, रेटिनॉल पेशी बनण्याचा आणि गळण्याचा वेग वाढवतं. बेताने वापरली तर यातली प्रत्येक वस्तू आपल्या जागी उपयोगी आहे. पण सगळ्या एकाच चेहऱ्यावर एकाच आठवड्यात आल्या, की भरून यायला लागणारा वेळ त्या थराला मिळत नाही. फटी उघड्या पडतात, पाणी उडून जातं आणि एरवी बाहेरच राहिला असता असा पदार्थ आत जाऊन चेतातंतूंना टोचू लागतो. मग साधं मॉइश्चरायझर लावलं तरी आग होते, आणि दोष त्या मॉइश्चरायझरला दिला जातो.

हे एका उदाहरणात पाहू. समजा, पंचविशीतली एक मुलगी आहे. वर्षभरापूर्वीपर्यंत ती एक साबण आणि थंडीत कोल्ड क्रीम एवढंच वापरायची आणि तिला कसलाच त्रास नव्हता. पिंपलचे डाग जावेत म्हणून तिने सुरुवात केली. आता सकाळी सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश, व्हिटॅमिन सीचं सीरम, १० टक्क्यांचं नायसिनामाइड आणि सनस्क्रीन. रात्री पुन्हा तोच फेसवॉश, ग्लायकॉलिक ॲसिडचं टोनर, त्यावर रेटिनॉल. रविवारी बेसन, हळद आणि लिंबाचा लेप, तोही चोळून काढलेला. तिसऱ्या आठवड्यात नाकपुड्यांच्या कडेला आणि तोंडाच्या कोपऱ्यांत आग सुरू झाली. नंतर तोंडावर पाणी मारलं तरी झोंबायला लागलं. आपली त्वचा सेन्सिटिव्ह आहे असं तिने ठरवलं आणि 'सेन्सिटिव्ह स्किनसाठी' लिहिलेलं आणखी एक टोनर, कोरफडीचं जेल आणि टी ट्री तेल आणलं. त्रास वाढला.

तिची यादी नीट वाचली तर ॲसिड किती दारांनी आत येतंय ते दिसतं. फेसवॉशमधून दिवसातून दोनदा, टोनरमधून एकदा, व्हिटॅमिन सीच्या सीरममधून एकदा आणि रविवारी लिंबातून. त्यावर रेटिनॉल, आणि वर बेसनाचं घासणं. बाटल्यांवरची नावं वेगवेगळी असल्याने आपण एकच काम चार-पाच वेळा करतोय हे तिच्या लक्षात आलं नाही.

तिच्या बाबतीत खुणाही बोलक्या आहेत. पहिली खूण काळाची : लहानपणी, शाळेत, कॉलेजात त्रास नव्हता, तो वस्तू वाढल्यावर सुरू झाला. दुसरी जागेची : जिथे काही लावत नाही, त्या मानेला आणि दंडांना काही होत नाही. रेटिनॉल आणि ॲसिड नाकाच्या खाचेत साचतं आणि आगही तिथेच सर्वांत आधी लागली. तिसरी प्रमाणाची : दोन रात्री काही लावलं नाही तर बरं वाटतं, पुन्हा लावलं की वाढतं. मुळातच संवेदनशील त्वचेची हकिकत सहसा वेगळी असते. त्रास बऱ्याच वर्षांचा असतो, साबण बदलून फारसा फरक पडत नाही, आणि काही न लावताही उन्हात किंवा वाऱ्यात चेहरा चुणचुणतो.

आपल्याकडे यात आणखी एक अडचण आहे. गोऱ्या कातडीवर दाह लाल दिसतो. सावळ्या रंगावर तो तपकिरी किंवा जांभळट दिसतो, किंवा दिसतच नाही. म्हणून रंगापेक्षा स्पर्शावर भरवसा ठेवावा : धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा वाटणं, खरखरीतपणा, घाम आला की झोंबणं. शिवाय दाह ओसरल्यावर सावळ्या त्वचेवर काळसर डाग राहतात आणि ते जायला महिनोन्‌महिने लागतात. डाग दिसले की लोक डाग घालवणारं ॲसिड आणखी जोरात लावतात. ज्यामुळे डाग पडला, तेच औषध म्हणून वापरलं जातं.

यातून बाहेर पडायचा मार्ग आणि निदानाची परीक्षा एकच आहे : सगळं थांबवायचं. सकाळी फक्त कोमट पाणी. रात्री बिनवासाचा, साबणविरहित सौम्य क्लेन्झर एकदा. चेहरा थोडा ओला असतानाच ग्लिसरीन, सिरॅमाइड किंवा पेट्रोलियम जेली असलेलं बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर. बाहेर जाताना झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. लेप, वाफ, स्क्रब, फेशियल, थ्रेडिंग काही नाही. हे चार आठवडे चालवायचं, कारण वरचा थर पूर्ण नवा व्हायला साधारण तेवढा काळ लागतो. उदाहरणातल्या मुलीची आग पहिल्या आठवड्यात उतरू लागेल, दोन आठवड्यांत पापुद्रे थांबतील आणि महिन्याच्या शेवटी पाणी झोंबणार नाही. डाग मात्र तेवढ्यात जात नाहीत. त्यावरून उपाय फसला असं समजू नये.

नंतर एकेक वस्तू परत आणायची. ठेवून द्यायचं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन यांसारखं काही नवं असेल, तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला त्याच जागी दिवसातून दोनदा, आठ-दहा दिवस लावून पाहावं. एक दिवस लावून काही झालं नाही, यावरून काहीच ठरत नाही. फेसवॉश किंवा तीव्र ॲसिडसाठी ही पद्धत वापरू नये, त्यांनी तिथेही नुसतंच पोळेल. रेटिनॉल हवं असेल तर आठवड्यातून दोन रात्री, वाटाण्याएवढं, मॉइश्चरायझरवर. ते दोन-तीन आठवडे सोसलं तरच पुढची वस्तू, आणि ॲसिड त्याच रात्री कधीच नाही. बहुतेक वेळा असं दिसतं, की प्रत्येक वस्तू एकटी चालते, एकत्र चालत नाही.

महिनाभर थांबूनही आग तशीच राहिली, तर मात्र मारा हे कारण नव्हतं. अशा वेळी ॲलर्जीचा विचार करावा लागतो आणि तिची तऱ्हा वेगळी असते. तिथे आगीपेक्षा खाज जास्त असते, वस्तू लागल्यावर लगेच नाही तर एक-दोन दिवसांनी पुरळ उठतं, ते लावलेल्या जागेबाहेर पसरतं, आणि अगदी थोडी मात्राही पुरते. कारण पुष्कळदा फेसक्रीम नसतंच. नेलपॉलिशची ॲलर्जी बोटांऐवजी पापण्यांवर उठते, कारण दिवसभरात हात नकळत डोळ्यांना लागतो. केसांच्या काळ्या डायमधलं पीपीडी कानामागे आणि कपाळाच्या कडेला खाजवतं. टिकलीच्या गोंदाने कपाळावर नेमक्या तेवढ्याच गोलात खाज येते, कधी पांढरा डागही पडतो. अशा वेळी पॅच टेस्ट उपयोगी पडते. पाठीवर संशयित पदार्थांचे छोटे तुकडे ४८ तास चिकटवून ठेवतात आणि काढल्यावर, पुन्हा एक-दोन दिवसांनी तपासतात. हातावर सुई टोचून होणारी किंवा रक्ताची ॲलर्जी चाचणी या कामाची नाही. गाल वारंवार तापून लाल होणं, भुवया आणि नाकाच्या कडेला तेलकट पापुद्रे, लहानपणापासूनचा इसब, यांचीही स्वतंत्र निदानं आहेत आणि त्यांवर नेमके उपचार आहेत.

एका बाबतीत स्वतःहून थांबण्याचा प्रयोग करू नये. वांग आणि डागांसाठी मेडिकलमध्ये मिळणाऱ्या काही क्रीममध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र असतं. ते महिनोन्‌महिने लावलं की चेहरा सुरुवातीला उजळतो, मग त्वचा पातळ होते. क्रीम बंद केलं की चेहरा पेटतो, पुन्हा लावलं की शांत होतो. त्यामुळे आपल्याला त्या क्रीमशिवाय काहीच सोसत नाही असं वाटतं. हा स्टेरॉइडचा परिणाम आहे, नाजूकपणा नाही. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवावं लागतं. पिंपलसाठी डॉक्टरांनी दिलेली औषधंही त्यांना विचारूनच थांबवावीत.

वेष्टनावरच्या शब्दांवर या निर्णयाचा भार टाकू नये. 'हायपोॲलर्जेनिक' हे बिरुद ॲलर्जी होणारच नाही याची हमी देत नाही. 'नैसर्गिक' टी ट्री किंवा लॅव्हेंडर तेलाचीही ॲलर्जी होते. 'वास नाही' असं लिहिलेल्या क्रीममध्ये मूळ वास झाकण्यासाठी सुगंधी द्रव्य असू शकतं, म्हणून मागची यादी वाचून त्यात परफ्यूम किंवा फ्रेग्रन्स नाही ना, ते पाहावं.

डॉक्टरांकडे जाताना चेहऱ्याला लागणाऱ्या सगळ्या वस्तूंचे फोटो घेऊन जावं : फेसवॉश, क्रीम, केसांचा डाय, तेल, टिकली, नेलपॉलिश, घरचा लेपसुद्धा. प्रत्येक वस्तू कधी सुरू केली आणि त्रास कधी सुरू झाला, या दोन तारखा शेजारी लिहाव्यात. तपासणीच्या पाच मिनिटांत जे कळणार नाही, ते त्या कागदावरून कळतं. चार आठवडे सगळं थांबवून, ॲलर्जी आणि इतर आजार तपासून झाल्यावरही वारं लागलं की चेहरा चुणचुणत असेल, तर तेव्हा आपली त्वचा संवेदनशील आहे असं खुशाल म्हणावं. मग कमी वस्तू वापरणं हा महिन्याचा प्रयोग राहत नाही, ती कायमची रीत होते.